नाव, वंश आणि नोंद : मध्ययुगीन विद्वानांचे चरित्रकोश कसे वाचावेत?

काही वर्षांपूर्वी एका शोधप्रबंधाच्या मौखिक परीक्षेस उपस्थित राहण्याचा योग आला होता. प्रबंधात एक तक्ता होता. महिपतींच्या ‘भक्तविजया’तील संतांची जातवार मोजणी करून, मध्ययुगीन महाराष्ट्रात कोणत्या जातीतून किती टक्के संत निर्माण झाले, हे त्यात आकड्यांनी दाखविले होते. विद्यार्थ्याने श्रम भरपूर घेतले होते. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : महिपतींनी ज्यांचे चरित्र लिहिले नाही ते का लिहिले नाही? विद्यार्थी गप्प राहिला. खरे सांगायचे तर त्या दालनातील आम्हां बहुतेकांपाशीही समाधानकारक उत्तर नव्हते. चरित्रसंग्रहातून समाजाचा इतिहास काढावयाचा तर कोणत्या रीतीने काढावा, याचा विचार मराठी विभागांत फारसा झालेला नाही. अरबी-फारसी साधनांवर काम करणाऱ्या इतिहासकारांनी मात्र हा विचार अर्धशतकाहून अधिक काळ केला आहे आणि त्यात ते अनेकदा ठेचकाळलेही आहेत. त्यांच्या त्या ठेचा आपल्याला उपयोगी पडतील असे वाटल्यावरून हे लेखन केले आहे.

इस्लामी जगात नवव्या शतकापासून विद्वानांच्या चरित्रकोशांची एक अखंड परंपरा आढळते. पिढ्यांनुसार रचलेल्या कोशास ‘तबकात’ म्हणत; तबका म्हणजे थर. एकेका व्यक्तीवरील नोंदीस ‘तरजमा’ हा शब्द होता. मराठीत भाषांतराला आपण ‘तर्जुमा’ म्हणतो, तोच हा शब्द. इब्न साद (मृत्यू इ. स. ८४५) याने पैगंबरांचे सोबती आणि त्यांच्या नंतरच्या पिढ्या यांचा मोठा कोश रचला. पुढे नगरवार कोश निर्माण झाले. अल-खतीब अल-बगदादी (मृत्यू १०७१) याच्या बगदादच्या इतिहासात सात हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आहेत. या प्रकाराचा उगम हदीसच्या चिकित्सेत आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. पैगंबरांचे एखादे वचन अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून, अशी श्रवणपरंपरा प्रत्येक वचनाला जोडलेली असे. तिच्यातील दोन माणसांची भेट होणे शक्य होते की नाही हे ठरविण्यासाठी जन्ममृत्यूची वर्षे, वास्तव्याची गावे आणि प्रवास यांची माहिती लागे. पण कवींचेही तबकात इतक्याच जुन्या काळी रचले गेले आहेत. इब्न सल्लाम अल-जुमही याचा कवींचा कोश इब्न सादच्याच काळातला. त्यामुळे सारे श्रेय हदीसला देणे कठीण जाते. एच. ए. आर. गिब यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात निराळी भूमिका मांडली. मुसलमान समाजाचा इतिहास राजांनी घडविलेला नसून, संस्कृतीच्या उभारणीत हातभार लावणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांनी घडविलेला आहे, ही धारणाच या कोशांच्या मुळाशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्तुत लेखकास गिब यांचे म्हणणे अधिक पटते. मात्र ‘असंख्य’ या शब्दाकडे सावधपणे पाहिले पाहिजे, हे पुढे दिसेलच.

नोंदीचा साचा ठरलेला असतो. प्रथम नाव, मग गुरू, मग शिष्य, प्रवास, विश्वासार्हतेविषयी एखाददुसरा ठराविक शब्द आणि शेवटी मृत्यूचे वर्ष. यांपैकी नाव हाच इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आहे. अरबी नावात ‘अमुकाचा बाप’, स्वतःचे नाव, ‘अमुकाचा मुलगा, तमुकाचा नातू’ अशी वंशमालिका आणि अखेरीस ‘निसबा’, म्हणजे गाव, टोळी, पंथ किंवा व्यवसाय दाखविणारे विशेषण येते. पुणेकर, नगरकर, अत्तार, तांबोळी ही आडनावे ज्या वाचकाच्या परिचयाची आहेत त्याला निसबा काय असते ते निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ती कोठे फसविते हेही त्याला ठाऊक असते. नगरकर आडनावाच्या कुटुंबाने तीन पिढ्यांत नगर पाहिलेले नसते आणि अत्ताराच्या घरात अत्तराची कुपीही सापडत नाही.

अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी या नावांचा जो उपयोग केला तो पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. त्यांचे मूळ क्षेत्र ईशान्य इराणातील निशापूर हे नगर होते. त्या नगराच्या विद्वानांचा मोठा कोश अल-हाकिम अन-नैसाबूरी (९३३–१०१४) याने रचला होता आणि त्याची पुरवणी अब्द अल-गाफिर अल-फारिसी (मृत्यू ११३४) याने लिहिली. या सामग्रीची हस्तलिखिते रिचर्ड फ्राय यांनी १९६५ मध्ये छायाप्रतींच्या रूपाने छापली. त्यांवरून बुलिएट यांनी १९७२ मध्ये निशापूरच्या प्रतिष्ठित घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे १९७९ चे पुस्तक याच्याही पुढे गेले. इराणातील लोक मुसलमान केव्हा झाले, हा त्याचा प्रश्न होता. धर्मांतराची खानेसुमारी कोणी ठेवलेली नव्हती. मग बुलिएट यांनी कोशांतील वंशमालिकांकडे वळून असा विचार केला : पुष्कळ विद्वानांच्या वंशमालिका मुहम्मद, अहमद, इब्राहीम अशा नावांनी मागे जात जात एखाद्या फारसी नावापाशी थांबतात. फारसी नाव संपून मुसलमानी नाव जेथे सुरू होते तेथे त्या कुटुंबाचे धर्मांतर झाले असावे. विद्वानाचा काळ माहीत असतो. तेथून पिढ्या मोजत मागे गेले की धर्मांतराचा काळ साधारणपणे हाती येतो. अशा काही शे वंशमालिका गोळा करून त्यांचा आलेख काढला असता आरंभी संथ, मध्ये झपाट्याने चढणारी आणि अखेरीस पुन्हा सपाट होणारी वक्ररेषा मिळाली. कोणतीही नवी गोष्ट समाजात पसरताना अशीच रेषा मिळते, असा समाजशास्त्राचा एक सिद्धांत आहे. त्याचा आधार घेऊन बुलिएट यांनी धर्मांतराचे टप्पे ठरविले. त्यांच्या हिशेबाने इराणात मध्यबिंदू इ. स. ८२० च्या आसपास येतो.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते आणि कोठे अडखळते, हे एका सर्वपरिचित नावावर पडताळून पाहू. हदीसच्या सर्वांत मान्यवर संग्रहाचा कर्ता अल-बुखारी इ. स. ८१० मध्ये जन्मला आणि ८७० मध्ये वारला. त्याची वंशमालिका कोशकार अशी देतात : मुहम्मद, इस्माईलचा मुलगा; तो इब्राहीमचा, तो अल-मुगीराचा, तो बर्दिझबाहचा. बर्दिझबाह हे उघडच इराणी नाव. म्हणजे धर्मांतराचा सांधा बर्दिझबाह आणि अल-मुगीरा यांच्यामध्ये आहे. मुहम्मदपासून अल-मुगीरापर्यंत तीन पिढ्यांचे अंतर. पिढी साधारण एक तृतीयांश शतकाची धरली तर तीन पिढ्यांची शंभर वर्षे होतात आणि अल-मुगीराचा जन्म ७१० च्या सुमारास येतो. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तोच जन्म ७३५ वर येतो. एका गृहीतकातील आठ वर्षांच्या फरकाने निष्कर्ष पाव शतक सरकला. मालिका जितकी लांब तितकी ही चूक वाढते. सरासरी घेतल्याने ती थोडी विरते, परंतु गृहीतकच एका बाजूला झुकलेले असेल तर सरासरीने ती जात नाही.

अल-बुखारीच्या बाबतीत कोशांनी नावापलीकडची माहितीही जपली आहे आणि म्हणून हे उदाहरण मोलाचे ठरते. बर्दिझबाह अग्निपूजक होता आणि तसाच वारला, असे ते सांगतात. अल-मुगीराने बुखाऱ्याचा सुभेदार यमान अल-जुफी याच्या हातून इस्लाम स्वीकारला. तेव्हा धर्मांतर करणारा माणूस येथे अरबी नावाचा आहे. फारसी नावाचा त्याचा बाप नव्हे. दुसऱ्या एखाद्या कुटुंबात धर्मांतर करणारा आपले जुने नाव तसेच ठेवून केवळ मुलांची नावे बदलीत असेल, तर तेथे हिशेब एका पिढीने सरकतो. केवळ नावांची मालिका पाहून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. दुसरा धडा निसबेचा. अल-बुखारीच्या नावापुढे ‘अल-जुफी’ ही निसबाही लावतात. जुफी ही अरब टोळी होती. पण अल-बुखारीचे घराणे अरब नव्हते. ज्याच्या हातून धर्म स्वीकारला त्याच्या टोळीशी नवमुसलमान आश्रितसंबंधाने जोडला जाई आणि टोळीचे नाव त्याच्या पुढच्या पिढ्यांनाही चिकटे. टोळीवाचक निसबा मोजून एखाद्या नगरात अरब किती आणि इराणी किती असा हिशेब जो मांडील तो अल-बुखारीला बिनदिक्कत अरबांत घालील.

यापेक्षा बारीक पेच खुद्द अल-हाकिमच्या नावात आहे. त्याच्या वंशमालिकेत मुहम्मद, अब्दुल्ला, पुन्हा मुहम्मद आणि मग हमदवैह असे नाव येते. ‘हमद’ ही स्तुतिवाचक अरबी धातूची खूण, तर ‘वैह’ हा इराणी प्रत्यय. व्याकरणकार सीबवैह याच्या नावात आहे तोच. नाव अर्धे अरबी आणि अर्धे फारसी. याची गणना कोणत्या रकान्यात करावी? त्याही मागे नुऐम आणि अल-हकम अशी निर्भेळ अरबी नावे आहेत. फारसी वळण दिसताच ‘येथे धर्मांतर’ अशी खूण करणारा अभ्यासक ज्या घरात धर्म आधीच रुजला होता त्या घराचे धर्मांतर पुन्हा एकदा घडवून आणील. वास्तविक हे नाव सांगते ते निराळेच : अरबी नावे स्वीकारल्यावरही खुरासानातील कुटुंबे ती आपल्या जिभेवर घोळवून घेत होती. ही भाषिक घटना आहे. ती ओळखण्यासाठी संख्याशास्त्र पुरत नाही. तेथे भाषेच्या अभ्यासकाचे डोळे लागतात.

बुलिएट यांच्या रेषेविषयी आणखी एक मुद्दा सांगितला पाहिजे. कारण दुय्यम ग्रंथांतून त्याचा विपर्यास वारंवार होतो. ‘इ. स. ८२० च्या सुमारास इराणची निम्मी लोकसंख्या मुसलमान झाली होती’ असे वाक्य त्यांच्या नावावर सर्रास छापले जाते. रेषेतील टक्के लोकसंख्येचे नाहीत. पुढेमागे ज्यांनी धर्मांतर केले आणि ज्यांच्या वंशात कोशात नोंद होण्याजोगा विद्वान निपजला, त्या कुटुंबांपैकी निम्म्यांचे धर्मांतर तोवर झाले होते, एवढाच तिचा अर्थ. अशी कुटुंबे बहुधा नगरांतली असणार. शिवाय लवकर मुसलमान झालेल्या घराला विद्वान निपजविण्यास अधिक पिढ्या मिळतात. खेड्यातला शेतकरी, त्याचे कूळ आणि ज्यांनी धर्म कधीच सोडला नाही ते सगळे या रेषेच्या बाहेर राहतात. बुलिएट यांना या मर्यादांची जाणीव होती. त्यांना उद्धृत करणाऱ्यांना ती फार क्वचित असते.

याच इतिहासकाराने २००९ मध्ये निशापूरच्या निसबांचा पुन्हा उपयोग केला. या वेळी कापसासाठी. बज्जाज म्हणजे कापडव्यापारी (आपल्याकडील ‘बजाज’ तो हाच), कत्तान म्हणजे कापूसवाला, कराबीसी म्हणजे जाडेभरडे कापड विकणारा. अशा नावांचे प्रमाण निरनिराळ्या पिढ्यांत कसे चढते-उतरते यावरून त्यांनी नवव्या-दहाव्या शतकांतील इराणच्या कापूसउद्योगाची भरभराट मांडली. येथे अत्तराच्या कुपीची अडचण पुन्हा उभी राहते. तरी बुलिएट यांचा युक्तिवाद एखाद्या सुट्या नावावर उभा नाही. पिढीगणिक बदलत्या प्रमाणावर तो उभा आहे. व्यवसायनाम वारशाने चालत आले तरी ते प्रथम चिकटले त्या काळाची खूण राहते. मला हा उपयोग धर्मांतराच्या आलेखापेक्षा अधिक भक्कम वाटतो. सर्वांना तो तसा वाटेल असे नाही.

आतापर्यंत नावाचा विचार झाला. परंतु खरा प्रश्न मौखिक परीक्षेतलाच आहे : कोशात नोंद कोणाची होते? याचे उत्तर साच्याच्या प्रयोजनात सापडते. श्रवणपरंपरेत मधले दुवे जितके कमी तितकी ती श्रेष्ठ मानली जाई. म्हणून लहान मुलाला वयोवृद्ध गुरूपाशी नेत आणि कधीकधी वचनांचा अर्थही कळण्यापूर्वी त्यांच्या कथनाची अनुज्ञा, म्हणजे ‘इजाझा’, त्याच्या नावावर मिळवून ठेवीत. तेच मूल सत्तर-ऐंशी वर्षे जगले की दोन दीर्घ आयुष्यांनी दीड शतक ओलांडलेले असे आणि विद्यार्थी त्याच्या दारी रांग लावीत. दमास्कसची झैनब बिंत अल-कमाल (१२४८–१३३९) हिला अशा अनुज्ञा बालपणीच मिळाल्या होत्या. तिने विवाह केला नाही आणि नव्वदीपर्यंत ती शिकवीत राहिली. उंटावर लादाव्यात इतक्या पोथ्यांची अनुज्ञा तिच्यापाशी होती आणि त्यांचे कथन करणारे दुसरे कोणी उरले नव्हते, असे कोशकार सांगतात.

हे वाचून मध्ययुगीन दमास्कसमध्ये स्त्रीशिक्षणाचा प्रसार केवढा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. झैनबची नोंद तिच्या वयामुळे आणि तिच्या परंपरेच्या आखूडपणामुळे झाली आहे. ती वाद घालीत होती का, न्यायशास्त्र शिकली होती का, याकडे साच्याचे लक्ष नाही. दीर्घायुषी माणसे कोशात प्रमाणाबाहेर दिसतात, हे येथेच समजून घ्यावे. कोशांतील वयांवरून मध्ययुगीन माणसाचे आयुर्मान काढणे म्हणजे निवृत्तिवेतनधारकांच्या यादीवरून देशाचे आयुर्मान काढण्यासारखे होय. त्या नोंदी दीर्घायुष्याला बक्षीस देणाऱ्या शिक्षणपद्धतीची उत्तम साक्ष मात्र देतात.

कैरोच्या अस-सखावीने (१४२७–१४९७) पंधराव्या शतकातील व्यक्तींचा बारा खंडांचा कोश लिहिला. त्याचा शेवटचा खंड सर्वस्वी स्त्रियांचा असून त्यात १०७५ नोंदी आहेत. हुदा लुत्फी यांनी १९८१ मध्ये या खंडाकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून लक्ष वेधले. अस-सखावी या स्त्रियांची लग्ने, तलाक, पुनर्विवाह, मुलांचे मृत्यू असे तपशील नोंदवितो. पुरुषांच्या नोंदींत ते फार कमी सापडतात. हा प्रकारच असा मोकळा का झाला? अनेक स्त्रिया त्याच्या नात्यातल्या, शेजारच्या वा गुरुघराण्यातल्या होत्या. त्यांच्याविषयी त्याला ऐकून ठाऊक होते. म्हणजे येथे कैरोचा समाज दिसतो तो एका विद्वानाच्या ओळखीपाळखीच्या वर्तुळापुरता. त्या वर्तुळाचा पसारा मात्र दूरवर होता : बीदरच्या बहमनी दरबारातील वजीर महमूद गावान याचीही नोंद अस-सखावीने घेतली आहे. आणि हाच लेखक समकालीन अस-सुयूतीविषयी इतके कडवट लिहितो, की अस-सुयूतीने त्याच्या इतिहासलेखनाविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका रचली. दोघांतील वैर माहीत नसलेल्या वाचकाने ती नोंद तटस्थ माहिती म्हणून वापरली तर दोष अस-सखावीचा म्हणता येणार नाही.

मायकेल चेंबरलेन यांनी १९९४ मध्ये दमास्कसवरील पुस्तकात या साऱ्याला एक निराळे वळण दिले. युरोपच्या मध्ययुगातून मठ, नगरपालिका, घराणी यांची दप्तरे उरली. मध्यपूर्वेतून ती तशी उरली नाहीत, अशी तक्रार इतिहासकार करीत आले होते. चेंबरलेन यांनी विचारले की चरित्रकोश मोठ्या संख्येने उरले आहेत ते का? त्यांच्या मते त्या समाजातील प्रतिष्ठित घराण्यांचे वैभव सनदांवर अवलंबून नव्हते. ते विद्या, गुरुसंबंध आणि अध्यापनपदे यांवर उभे होते आणि ही संपत्ती पुढील पिढीपर्यंत पोचविण्याचे साधन म्हणजे चरित्रकोश. दप्तराच्या अभावी नाइलाजाने वापरावयाचे साधन असे त्याकडे न पाहता, तो स्वतःच त्या समाजाचा एक व्यवहार होता असे मानावे. हे एकदा मानले, की साच्यातील तोचतोचपणा कंटाळवाणा वाटेनासा होतो. कोणता शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे, कोणाच्या नोंदीत गुरूंची नावे आधी येतात आणि कोणाच्या नोंदीत पदे, हे पाहावेसे वाटू लागते. असे वाचन आपण साहित्याच्या वर्गात रोज शिकवितो. केवळ चरित्रकोश हातात घेतला की ते विसरून तक्ते करू लागतो.

सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘मध्ययुगीन चरित्रकोश’ (१९३७) आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य उपयोगात आहे. तो निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवरून संकलित झालेला आहे. त्यातील प्रत्येक नोंद आपल्या मूळ साधनाचा साचा बरोबर घेऊन आली आहे, याचे भान ठेवले तर तो दुप्पट उपयोगी पडेल. महानुभावांच्या अन्वयस्थळांतील गुरुशिष्यपरंपरा या अरबी श्रवणपरंपरांशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. परंतु तो स्वतंत्र विषय आहे. राहता राहिला तो तक्ता. महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये पूर्ण केला. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचे ऋण त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांच्या ग्रंथात जयदेव, कबीर, नरसी मेहता हेही आहेत. म्हणजे त्या विद्यार्थ्याने ‘मध्ययुगीन महाराष्ट्र’ म्हणून जे मोजले त्यात बंगाल-ओरिसा, काशी आणि जुनागड मिसळलेले होते आणि निवडीचा काही भाग महिपतींच्या आधी दुसऱ्या कोणी करून ठेवलेला होता. त्याने प्रथम तीन रकाने पाडावयास हवे होते : नाभाजींकडून आलेले, उद्धवचिद्घनांकडून आलेले आणि महिपतींनी स्वतः मिळविलेले. तिसऱ्या रकान्यातील जातींचे प्रमाण पहिल्या दोहोंपेक्षा निराळे निघते की नाही, हे अद्याप कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही.